पाळी पुढंमागं, रात्री घाम आणि 'पिशवी काढून टाका'

प्रश्न: माझं वय ४७. दहा महिन्यांपासून पाळी कधी २२ दिवसांनी येते, कधी दोन महिने येतच नाही, आणि आली की ९-१० दिवस जाते. दिवसा अंगातून वाफा निघतात, रात्री दोन-अडीचला घामानं जाग येते आणि मग झोप लागत नाही. सोनोग्राफीत अस्तर १२ मिमी आणि डाव्या बीजकोशात ३ सेंमीची पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, सगळंच मिटेल. खरंच मिटेल का?

नाही ताई, सगळं नाही मिटणार. पिशवी काढली की रक्त जाणं थांबेल हे खरंय, पण वाफा आणि झोप यांचा पिशवीशी काही संबंधच नाही. त्या वाफा येतात मेंदूतून, आणि मेंदूला गडबडवतात ते बीजकोश. आणि पिशवीसोबत बीजकोश पण काढले (आपल्याकडं 'राहू द्यायचे कशाला' म्हणून सर्रास काढतात) तर वाफा दुपटीनं वाढतात, कारण जे चार-पाच वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका दुपारीत होतं. मी लातूरला २३ वर्षं हेच काम करतेय, पिशव्या मी पण काढते, गरज असते तिथं काढावीच लागते. पण तुम्ही जे लिहिलंय तेवढ्यावरून मी तरी चाकू उचलणार नाही.

आधी आत काय चाललंय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं पटेल.

लोकांना वाटतं की चाळिशीनंतर बाईचं हार्मोन हळूहळू कमी होत जातं, उतारावरून गाडी यावी तसं. तसं नसतं. गावातली लाईट बघा, जायच्या आधी कशी करते? व्होल्टेज एकदम वाढतं, बल्ब भगभग पेटतो, मग एकदम मिणमिणा, परत वर, मोटरीचा स्टार्टर जळायची वेळ. एस्ट्रोजनचं या वर्षांत तसंच असतं. बीजकोशात बीजं थोडीच उरलेली असतात, मेंदू त्यांना उठवायला जास्त जोरात हाका मारतो (ही हाक म्हणजे एफएसएच), मग कधी एखादं बीज दचकून उठतं आणि भरमसाठ एस्ट्रोजन सोडतं, अगदी तिशीत असायचं त्यापेक्षाही जास्त, आणि कधी कितीही हाका मारा कोणी उठतच नाही. म्हणून एकाच महिन्यात बाईला छातीत गच्च दुखतं, अंगावर भरपूर जातं, आणि पंधरा दिवसांनी तीच बाई वाफांनी हैराण होऊन येते.

आता पाळीचं. दर महिन्याला एस्ट्रोजन पिशवीचं अस्तर वाढवतं. बीज फुटलं की दुसरं हार्मोन येतं, प्रोजेस्टेरॉन, ते अस्तराला 'आता बास' म्हणतं, त्याला पक्कं करतं, आणि चौदाएक दिवसांनी ते ओसरलं की सगळं अस्तर एका वेळी नीट गळून पडतं, ती पाळी. या वयात बऱ्याच महिन्यांत बीज फुटतच नाही. मग बास म्हणणारं कोणी नाही. अस्तर वाढतच राहतं, सहा आठवडे, आठ आठवडे, बाईला वाटतं पाळी गेली वाटतं, आणि मग ते स्वतःच्याच भारानं तुकड्या-तुकड्यांनी गळायला लागतं. आज इथून, परवा तिथून. म्हणून दहा दिवस जातं आणि गाठी पडतात. हे 'घाण रक्त साठलं होतं' वगैरे काही नाही, घाण काहीच साठत नसते.

एक बाई सांगते, म्हणजे समजेल. वय ४८, अंगणवाडीत काम, औसा तालुक्यातली. सप्टेंबरच्या शेवटी आली, चेहरा पांढरा फटक, जिना चढून आली तर बाकड्यावर बसून दोन मिनिटं बोलताच येईना. सोबत सून. म्हणली, मॅडम बारा दिवस झाले थांबंनाच, दोन-दोन तासाला पॅड बदलायलेय. पाळीच्या तारखा विचारल्या तर नशिबानं सुनेनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केलेले होते आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये होता. ४ जून, २७ जून, मग थेट १३ ऑगस्ट. म्हणजे एकदा २३ दिवस आणि एकदा ४७ दिवस. फक्त या दोन आकड्यांवरूनच अर्धं निदान होतं बघा, कारण पाठोपाठच्या पाळ्यांमध्ये सात दिवसांपेक्षा जास्त फरक वारंवार पडायला लागला की पाळी जायच्या वाटेला लागली असं आम्ही धरतो, आणि मधे दोन महिन्यांच्या वर खंड पडायला लागला की वाट बरीच सरली. तुमचं २२ दिवस आणि दोन महिने, म्हणजे तुम्ही दुसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी आहात.

मी विचारलं मधे काही गोळी घेतली का. दोघी गप्प. मग सून म्हणली, महालक्ष्म्या होत्या ना.

हे आपल्याकडचं खास. महालक्ष्म्या बसायच्या, घरात सोवळं, पाळीचा भरवसा नाही, मग मेडिकलवरून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायच्या. तिनं दहा दिवस घेतल्या, पुरणपोळ्या झाल्या, गोळ्या बंद, आणि तिसऱ्या दिवशी नळ सुटावा तसं सुरू झालं. आता ही गोळी काय असते? प्रोजेस्टेरॉनचाच सावत्र भाऊ. ऑगस्टनंतर तिचं बीज फुटलेलं नसणार, अस्तर वाढत बसलेलं, त्याला गोळीनं दहा दिवस 'बास' म्हणलं आणि गोळी बंद होताच ते सगळं एकदम गळालं. गोळीनं बिघडवलं असं नाही, गोळीनं आतला साठा उघडा पाडला. पण याच गोळ्यांमुळं कॅलेंडरची वाट लागते, कोणती पाळी शरीराची आणि कोणती गोळीची तेच कळत नाही. म्हणून डॉक्टरकडं जाताना ते सांगायचं, लाजायचं नाही, आम्ही पण इथलेच आहोत. आणि पायात पूर्वी रक्ताची गाठ झालेली असेल किंवा बीपी-शुगर असेल तर या गोळ्या परस्पर घ्यायच्याच नाहीत.

तपासण्या काय केल्या? पहिली लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. ती हसली, पंचवीस वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय म्हणली. तरी केली, स्वस्तात होते, आणि ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी तर लक्षात ठेवावं की पाळी पुढंमागं झाली म्हणजे दिवस राहत नाहीत असं अजिबात नाही. मग रक्त: हिमोग्लोबिन ८.४. थायरॉईड नॉर्मल, शुगर नॉर्मल. थायरॉईड बघायचंच, कारण ते वाढलेलं असलं तरी घाम, धडधड, झोप उडणं असंच चित्र दिसतं, आणि कमी असलं तर अंगावर जास्त जातं. एफएसएच मी केलंच नाही. ४५ च्या पुढं ही लक्षणं असतील तर त्याची गरज नसते, ते आज ४० येईल आणि पुढच्या महिन्यात ८, वर सांगितलं ना व्होल्टेजचं. त्या एका आकड्यावर बायका रात्र-रात्र रडतात, म्हणून सांगते.

सोनोग्राफीत अस्तर १३ मिमी, दोन सेंमीचा एक फायब्रॉईड आणि बीजकोशात पाण्याची गाठ. जवळपास तुमचाच रिपोर्ट. आता यातलं घाबरायचं किती ते बघा. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर पाळीच्या आधी १४-१५ मिमी सुद्धा असू शकतं, त्यात काही वावगं नाही. ४ मिमीच्या वर गेलं की संशय, हा नियम पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला अंगावर गेलं तर लावायचा, तुम्हाला नाही. कित्येक रिपोर्टवर 'अस्तर जाड' एवढंच लिहून येतं आणि ते कोणत्या दिवशी मोजलं हे कोणी विचारतच नाही. मोजायचंच असेल तर रक्त थांबल्यावर लगेच, पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी. आणि ती ३ सेंमीची गाठ म्हणजे बहुतेक न फुटलेलं बीजच असतं, पाण्याची साधी पिशवी. नुसतं पाणी असेल, आत पडदे किंवा घट्ट भाग नसेल, तर सहा-आठ आठवड्यांनी परत बघायची, बहुतेक वेळा ती आपोआप गेलेली असते. ती दाखवून कोणी ऑपरेशनची घाई केली तर मी तरी दुसरं मत घ्या म्हणेन.

मग एक तपासणी मात्र केलीच, आणि तीच कित्येक ठिकाणी सोडून देतात आणि थेट पिशवीच काढतात. अस्तराचा तुकडा. प्लास्टिकची काडीसारखी बारीक नळी आत घालून अस्तर ओढून घ्यायचं, ओपीडीतच होतं, भूल लागत नाही, पाच मिनिटं पाळीसारखी कळ येते. ४५ च्या पुढच्या बाईला असं अनियमित किंवा जास्त जात असेल तर हे करायलाच पाहिजे, कारण बास म्हणणारं प्रोजेस्टेरॉन नसताना अस्तर महिनोन्महिने वाढत राहिलं तर काहींच्या पेशी बिघडायला लागतात आणि पुढं त्याचा कॅन्सर होऊ शकतो. वजन जास्त असेल, शुगर असेल, तर हा धोका वाढतो. म्हणजे गंमत बघा, तुकडा न बघता पिशवी ठेवणं पण चूक आणि तुकडा न बघता पिशवी काढणं पण चूकच, आत कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच वेगळ्या पद्धतीनं करावं लागतं. तिचा रिपोर्ट आला की अस्तर विस्कळीत वाढलंय, बिघडलेल्या पेशी नाहीत. म्हणजे बीज न फुटण्याचाच प्रकार.

उपचार. पहिले चार दिवस रक्त थांबवायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी, तीही रक्ताच्या गाठीचा इतिहास नाही हे विचारून. लोहाची गोळी दिवसाआड एक, लिंबूपाण्यासोबत, आणि तिच्या आधी-नंतर दोन तास चहा नाही (चहाचं ऐकून तिला पिशवीपेक्षा जास्त वाईट वाटलं). दिवसाआड अशासाठी की रोज दिली तर शरीर दुसऱ्या दिवशी लोह नीट शोषतच नाही आणि पोटाला त्रास होतो तो वेगळाच. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.६ झालं. आणि पिशवीत हार्मोनची तांबी बसवली. साध्या तांबीनं अंगावर जास्त जातं, ही उलटी, हिच्यातून रोज थोडं-थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध थेट अस्तरावर पडतं, म्हणजे शरीरानं म्हणायचं बंद केलेलं 'बास' ही म्हणते. पहिले तीन-चार महिने थेंब-थेंब जाऊन बाई वैतागते, हे आधीच सांगून ठेवावं लागतं नाहीतर दुसऱ्या महिन्यातच काढा म्हणून येतात. पुढं बहुतेकींचं अगदी कमी होतं नाहीतर बंदच.

आता वाफांकडं येऊ. मेंदूच्या तळाशी अंगाचं तापमान सांभाळणारी जागा असते, फ्रीजच्या थर्मोस्टॅटसारखी. एस्ट्रोजन वरखाली व्हायला लागलं की तिथल्या काही पेशी विनाकारण खवळतात आणि थर्मोस्टॅट फार नाजूक होतो. एरवी अंग थोडं तापलं तरी शरीर मनावर घेत नाही, पण आता एक घोट गरम चहा, चुलीपुढं बसणं, रागाचा एक शब्द, एवढ्यावर मेंदू ओरडतो की आग लागली, गार करा. मग छातीपासून चेहऱ्यापर्यंत रक्तवाहिन्या उघडतात, तोंड लाल, धडधड, घाम, आणि दोन-चार मिनिटांत सगळी उष्णता निघून गेल्यावर हुडहुडी. ताप नसतो, थर्मामीटर लावून बघा. 'अंगात उष्णता झालीय' म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी पितात, प्या, वाईट काही नाही, पण उष्णता अंगात नसतेच, गडबड मोजणाऱ्यात असते. मला स्वतःला ४९ ला सुरू झालं, ऑपरेशन थिएटरमध्ये गाऊन-मास्क घालून उभी, हातात टाका, आणि कपाळावरून धारा, सिस्टर नुसती पुसत होती. त्या दिवसापासून ओपीडीतल्या बायकांचं 'मॅडम, जीव घाबरा होतो' मला वेगळं ऐकू यायला लागलं.

रात्री अडीचचं तसंच. घाम यायच्या आधीच जाग येते बऱ्याचदा, मेंदू आधी दचकतो आणि अंग मागून तापतं, म्हणून बायका म्हणतात 'स्वप्न नाही काही नाही, डोळे टक्क उघडले'. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल तर पायात वळवळ होऊन झोप अजून मोडते, ती लोह भरल्यावर जाते, झोपेच्या गोळीनं नाही. आणि घोरत असाल, सकाळी डोकं जड असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याची वेगळी तपासणी. मेडिकलवरून आणलेली झोपेची गोळी मात्र चालू करू नका, ती घाम थांबवत नाही आणि सहा महिन्यांनी सोडवत नाही. आपल्या मे महिन्यात ४२-४३ अंशात तर सगळ्यांनाच घाम येतो, फरक ओळखायचा असा की कूलर चालू असताना, बाकीचे पांघरूण घेऊन झोपलेले असताना तुमचीच उशी ओली झाली तर ते उन्हाळ्याचं नाही.

त्या औशाच्या बाईला दिवसात दहा-बारा वाफा आणि रात्री तीनदा उठणं. मॅमोग्राफी करून घेतली, बीपी ठीक, घरात-स्वतःला छातीचा कॅन्सर नाही, पायात गाठ नाही, लिव्हर ठीक, म्हणून एस्ट्रोजनची जेल दिली, रोज हातावर चोळायची. कातडीतून दिल्यानं गोळीसारखा रक्ताच्या गाठीचा धोका वाढत नाही. पिशवी असलेल्या बाईला नुसतं एस्ट्रोजन कधीच द्यायचं नाही, सोबत अस्तराला बास म्हणणारं औषध पाहिजेच, तिला ते काम तांबी करतेय. तांबी नको असेल तर रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल देतात, तिनं जरा गुंगी पण येते, झोपेला बरंच.

हार्मोन म्हणलं की कॅन्सर, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय ते २००२ च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळं. त्यात बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषधं जुनी, गोळीतली. तरीही जास्तीचा धोका निघाला तो वर्षाला दहा हजार बायकांमागं छातीच्या कॅन्सरच्या आठ केस. धोका शून्य नाही, पण पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, साठीच्या आत सुरू केलं तर त्रास असणाऱ्या बहुतेक निरोगी बायकांना फायदाच जास्त. ज्यांना चालत नाही, म्हणजे छातीचा कॅन्सर झालेला, लकवा किंवा हार्टचा झटका येऊन गेलेला, रक्ताच्या गाठीचा त्रास, किंवा अंगावर का जातंय तेच अजून कळलेलं नाही, त्यांना व्हेनलाफॅक्सिन किंवा रात्रीची गॅबापेंटिन अशा बिनहार्मोनच्या गोळ्या असतात, त्या जेलइतक्या नाही पण वाफा बऱ्यापैकी कमी करतात. हे सगळं डॉक्टरसमोर बसून ठरवायचं, शेजारणीची जेल आणून लावायची नाही.

पिशवी काढावी लागते ती कधी? तुकड्यात बिघडलेल्या पेशी किंवा कॅन्सर निघाला, फायब्रॉईड मोठा होऊन दाब पडतोय, किंवा गोळ्या-तांबी सगळं नीट करूनही रक्त थांबतच नाही. तेव्हा काढावी, मी स्वतः काढून देते. पण तेव्हाही ४७ व्या वर्षी बीजकोश चांगले असतील तर ते राहू द्या असं ऑपरेशनच्या आधी बोलून, कागदावर लिहून घ्या. ते अचानक गेले तर वाफा तर येतातच, हाडं पण लवकर ठिसूळ होतात आणि हृदयाचं संरक्षण जातं. आपल्या शेजारच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तिशी-पस्तिशीतच काढल्या गेल्या, २०१९ ला त्यावरून एवढा गदारोळ झाला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या काही माझ्याकडं येतात. चाळिशीत कंबर धरून चालतात, आणि विचारलं तर बीजकोश ठेवले का काढले हेच त्यांना माहीत नसतं, डिस्चार्ज कार्ड कुणाकडंच नाही.

तर तुम्ही आता एवढं करा: मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि किती पॅड लागले ते आठवून लिहा, मधे गोळी घेतली असेल तर ती पण लिहा, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड करून घ्या, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की अस्तराचा तुकडा घेतला का. गाठीची सोनोग्राफी सहा-आठ आठवड्यांनी, पाळीचं रक्त थांबल्यावर लगेच परत. तासाला एक पॅड भिजायला लागलं, चक्कर आली, किंवा संबंधानंतर रक्त दिसलं तर तारखेची वाट बघू नका. आणि पुढं कधी वर्षभर पाळी आली नाही आणि मग एक ठिपका जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवा, 'परत चालू झाली वाटतं' म्हणून गप्प बसायचं नाही.

ती औशाची बाई परवा आली होती, तांबी तपासायला. यंदा महालक्ष्म्यांना गोळी लागलीच नाही म्हणली, पाळीच दिसत नाही. वाफा दिवसाला एखाद-दुसरी, ती पण पुरण शिजवताना. मला विचारलं, मॅडम म्हणजे गेली का पाळी? मी म्हणलं ते आता कॅलेंडरवरून कळायचं नाही, तांबी आहे तोवर रक्त दिसणारच नाही. तांबी काढायची वेळ येईल तेव्हा बघू.